सेकंड शिफ्टच्या आठवड्यांत सकाळच्या वर्गाला बसण्याची व व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणाची परवानगी मिळण्याबाबत विनंती अर्ज

दि. १२ मार्च २०२६

प्रति,
मा. विभागप्रमुख,
संख्याशास्त्र विभाग (सायंकालीन पदव्युत्तर वर्ग),
शिवाजीनगर, पुणे.

विषय : फिरत्या पाळीमुळे हजेरीत सवलत आणि चुकलेल्या व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण मिळण्याबाबत.

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या सत्राचा विद्यार्थी. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नऊ वर्षं काम करतो आहे. सोमवारी नोटीस बोर्डावर ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची यादी लागली. त्यात माझा क्रमांक आहे. झालेल्या २८ तासिकांपैकी मी २० ला हजर होतो, म्हणजे सुमारे ७१ टक्के. यादी बरोबर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण हे का झालं आणि पुढे काय होणार, ते मला आजच आपल्यासमोर ठेवायचं आहे. सत्र संपल्यावर हात जोडून उभं राहण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे दर आठवड्याला पाळी बदलते. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, तेव्हा कंपनीच्या बसने नाशिक फाटा आणि तिथून मेट्रोने शिवाजीनगर गाठून मी साडेसहाच्या आत वर्गात असतो. थर्ड शिफ्ट रात्री बाराला सुरू होते, म्हणून साडेआठला वर्ग सुटल्यावर कामावर जाता येतं. अडतं ते फक्त सेकंड शिफ्टला : दुपारी साडेतीन ते रात्री बारा. त्या आठवड्यात सोमवार, बुधवार आणि शुक्रवारच्या तासिका बुडतात. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असल्याने तेवढा एक वर्ग मिळतो.

सत्राचे पंधरा आठवडे, आठवड्याला चार अशा साठ तासिका. त्यात माझे पाच आठवडे सेकंड शिफ्टचे. म्हणजे पंधरा तासिका हातातून जाणारच, आणि उरतात पंचेचाळीस, बरोबर ७५ टक्के. एक दिवस ताप आला किंवा मोशीला वाहतूक अडकली, तरी मी रेषेखाली. तसंच झालं आहे. सेकंड शिफ्टच्या सहा तासिकांखेरीज दोन गेल्या : एक मुलीच्या आजारपणात आणि एक ग्राहकाच्या ऑडिटमुळे. आता उरलेल्या ३२ पैकी सेकंड शिफ्टच्या नऊ सोडून बाकी सगळ्यांना बसलो, तरी शेवटी आकडा ४३ च होतो. दोन कमी.

पण मॅडम, मला टोचतात ते हे दोन तास नाहीत. बुडालेल्या तासाला वर्गात जे बोललं गेलं, ते पुन्हा कुठून मिळवायचं कळत नाही, हे टोचतं. एक उदाहरण देतो. फेब्रुवारीत सरांनी कन्फाउंडिंग शिकवलं तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो. वर्गमित्राने वहीचे फोटो पाठवले. पानावर तीन घटकांच्या आठ प्रयोगांचे दोन ब्लॉक नीट लिहिले होते : एकात (1), ab, ac, bc आणि दुसऱ्यात a, b, c, abc. मी ते पाठ केलं. हीच वाटणी का, ते पानावर नव्हतं. सरांनी आधी चुकीची वाटणी फळ्यावर मांडून ती कशी फसते ते दाखवलं होतं आणि मग डस्टरने पुसून टाकलं होतं. पुसलेलं कुणी वहीत उतरवत नाही.

पुढच्याच आठवड्यात ग्राइंडिंगच्या मशीनवर मला नेमके आठ प्रयोग लावायचे होते : कूलंटचा प्रवाह, फीड आणि चाकाचा वेग. एका पाळीत चारच होतात. कूलंट सारखा बदलणं जिकिरीचं, म्हणून कमी प्रवाहाचे चारही प्रयोग एका पाळीत घेतले आणि जास्तीचे चार दुसऱ्या पाळीत. बोअरच्या मापात चार मायक्रॉनचा फरक आला. मी साहेबांना सांगून टाकलं, कूलंटमुळे आला. मग गुरुवारी सरांना आकडे दाखवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘पाळी कुठे गेली?’ कूलंटचा परिणाम आणि पाळीचा परिणाम मी एकमेकांत असा मिसळला होता की आता ते वेगळे काढता येणार नाहीत. आठही प्रयोग पुन्हा करावे लागले. पाळी हाच माझा ब्लॉक होता, आणि त्या पाळीमुळेच तो तास माझा बुडाला होता. सरांनी पुसलेल्या त्या दोन ओळी ऐकल्या असत्या, तर ही चूक झाली नसती, असं मी खात्रीने सांगतो.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली हजेरीची. आपल्याच विभागात पूर्णवेळ एम.एस्सी.चा वर्ग सकाळी दहा ते बारा भरतो आणि या सत्राचे विषय दोन्हीकडे तेच आहेत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी सकाळी मोकळा असतो, आणि कंपनीची बस नाशिक फाट्यावरून दुपारी दोनला निघते. सोमवार, बुधवार, शुक्रवार मला त्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्यावं आणि तिथली सही सायंकालीन हजेरीत धरावी. नऊ तासिका उरल्या आहेत. तेवढ्या धरल्या तरी प्रश्न सुटतो. यात कुणावर जादा काम पडत नाही. मला झोप कमी मिळेल, त्याची माझी तयारी आहे.

दुसरी ध्वनिमुद्रणाची. दोन्ही वर्गांचा वेग सारखा नसतो, त्यामुळे सकाळी तोच मुद्दा मिळेल असं नाही. म्हणून संध्याकाळच्या व्याख्यानाचा आवाज आणि फळ्याचं चित्रण आठवडाभरापुरतं मिळावं. कॅमेरा फक्त फळ्यावर असावा, विद्यार्थी त्यात दिसू नयेत. ज्या प्राध्यापकांना चित्रण नको असेल, त्यांचा नुसता आवाज मिळाला तरी चालेल. तोही नको असेल, तर त्यांच्या शब्दाचा मान राखून मी हा विषय काढणार नाही. मोबाइल व स्टँड मी देतो. फाइल विभागाकडेच राहावी, मी ती व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवणार नाही. तसं लेखी देतो.

रेकॉर्डिंग मिळालं की वर्ग ओस पडतील, अशी काळजी शिक्षकांना असते आणि ती रास्त आहे. रिकाम्या बाकांसमोर कुणाला शिकवावंसं वाटेल? म्हणून ही सोय सरसकट नको. ज्याच्याकडे कंपनीचा शिक्क्याचा ड्युटी चार्ट आहे त्यालाच, आणि त्या तारखांपुरतीच असावी. प्रत्येक चुकलेल्या तासावरची गणितं मी स्वतःच्या हाताने सोडवून सात दिवसांत देईन. शंका आल्यास सरांनी गुरुवारी मला फळ्यासमोर उभं करावं. परीक्षा, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकं यांत कोणतीही सूट मागत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाच्या टिपणात ४० टक्क्यांपर्यंत शिकवणं ऑनलाइन करण्याची कल्पना मांडली होती. माझा हा हक्क आहे असं म्हणण्यासाठी त्याचा उल्लेख करत नाही. निर्णय विभागाचाच आहे. फक्त माझी मागणी त्या चौकटीच्या आत बसते, एवढंच सांगायचं आहे.

माझी पुढची सेकंड शिफ्ट सोमवार, १६ मार्चपासून आहे. त्याआधी निदान सकाळच्या वर्गाबाबत तोंडी होकार मिळाला, तर त्याच दिवशी दहा वाजता येऊन बसेन. आज गुरुवार असल्याने संध्याकाळी वर्गाला आहेच. आपण बोलावल्यास सहा वाजता केबिनबाहेर थांबतो.

सोबत : मार्च ते मेचा पाळी तक्ता (कंपनीच्या शिक्क्यासह), व्यवस्थापकांचे पत्र, फेब्रुवारीतील व्याख्यानांवर सोडवलेली गणिते.

आपला विद्यार्थी,
सचिन
हजेरी क्रमांक ३४, एम.एस्सी. संख्याशास्त्र (सायंकालीन), सत्र दुसरे