प्रश्न ४ (१० गुण) : कन्फ्यूजन मॅट्रिक्स, प्रिसिजन, रिकॉल

युरोपातल्या कार्डधारकांच्या सप्टेंबर २०१३ मधल्या २,८४,८०७ व्यवहारांच्या डेटासेटमध्ये फक्त ४९२ व्यवहार फसवणुकीचे आहेत. चाचणीसाठी ५६,९६२ व्यवहार बाजूला काढले. त्यांत ९८ फसवणुकीचे. मॉडेल 'क' प्रत्येक व्यवहार खरा ठरवते. मॉडेल 'ख' ३७० व्यवहारांना फसवणूक म्हणते, त्यांतले ८५ खरोखर फसवणुकीचे निघतात.

(अ) 'ख'चे कन्फ्यूजन मॅट्रिक्स मांडा. [३]
(आ) दोन्ही मॉडेलची अ‍ॅक्युरसी, प्रिसिजन व रिकॉल काढा. [४]
(इ) बँकेने कोणते मॉडेल घ्यावे? सकारण लिहा. [३]

उत्तर

(अ) फसवणूक हा पॉझिटिव्ह वर्ग धरला आहे.

| | भाकीत: फसवणूक | भाकीत: खरा |
|---|---|---|
| प्रत्यक्ष फसवणूक | TP = 85 | FN = 13 |
| प्रत्यक्ष खरा | FP = 285 | TN = 56579 |

(आ) मॉडेल 'ख' :

```
Accuracy  = (85 + 56579) / 56962 = 0.9948
Precision = 85 / (85 + 285)      = 0.230
Recall    = 85 / (85 + 13)       = 0.867
```

मॉडेल 'क' : TP = 0, FP = 0, FN = 98, TN = 56864.

```
Accuracy = 56864 / 56962 = 0.9983
Recall   = 0 / 98        = 0
```

'क'ने एकाही व्यवहाराला फसवणूक म्हटलेले नाही, म्हणून प्रिसिजन 0/0 येते, म्हणजे अपरिभाषित. काही लायब्ररी तिथे शून्य छापतात, पण ती सोय झाली, व्याख्या नव्हे.

(इ) बँकेने 'ख' घ्यावे. अ‍ॅक्युरसीवर निवड केली तर ९९.८३% मिळवणारे 'क' जिंकते, आणि त्याने पकडलेल्या फसवणुकी शून्य. ९८ पैकी ८५ पकडणारे 'ख' मात्र ९९.४८% वर राहून हरते. कारण अ‍ॅक्युरसीत प्रत्येक व्यवहाराचे वजन सारखे असते आणि फसवणुकीचा वाटा जेमतेम ०.१७% आहे. सगळ्या ९८ फसवणुकी सुटल्या तरी अ‍ॅक्युरसी तेवढीच घटते. उलट २८५ खोट्या इशाऱ्यांनी ती ०.५० टक्के बिंदूंनी खाली येते.

'ख'चे प्रिसिजन ०.२३ पाहून मॉडेल टाकाऊ म्हणणेही घाईचे होईल. ५६,८६४ खऱ्या व्यवहारांपैकी त्याने फक्त ०.५% चुकीने अडवले. पण खरे व्यवहारच इतके अफाट आहेत की त्यांचा अर्धा टक्काही ८५ च्या तिप्पट भरतो. व्यवहारात याचा अर्थ असा : दर चार इशाऱ्यांमागे साधारण एक खरा, बाकीच्या ग्राहकांना एक फोन किंवा एसएमएस. सुटलेल्या फसवणुकीत पैसे जातात, म्हणून इथे रिकॉलला जास्त महत्त्व द्यावे. तपासणारी माणसे कमी असतील तर थ्रेशोल्ड वाढवावा. त्याने प्रिसिजन बहुधा सुधारते, रिकॉल मात्र वाढत नाही, कमीच होण्याची शक्यता असते. तुलना प्रिसिजन-रिकॉल वक्रावर करावी.