पहिल्या तीन महिन्यांचा सुरक्षा आराखडा : प्रेस शॉप, भोसरी

साहेब, शनिवारी शॉप पाहिलं, त्यावरून हा क्रम लावला आहे. तुमची पहिली चौकशी लायसन्सची होती. ते होईलच, पण सुरुवात प्रेसपासून करा. बोटं तिथे जातात.

हा आठवडा. तुमच्या चार प्रेसपैकी तीन पिन क्लचच्या आहेत. क्लच एकदा लागला की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही, त्यामुळे त्यांच्यावर लाइट कर्टन बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. विकणारा हे सांगणार नाही. त्या तिघींना डायभोवती फिक्स गार्ड लावा. जॉब आत सरकेल पण बोट जाणार नाही, एवढीच फट ठेवा. पायाच्या पेडलवर कव्हर हवं. दोन नंबरच्या प्रेसचा क्लच झिजला आहे, पेडल सोडूनही दुसरा स्ट्रोक पडतो. दुरुस्त होईपर्यंत ती बंद ठेवा; ऑर्डर अडली तरी चालेल. चौथी न्यूमॅटिक आहे, तिला दोन हातांची बटणं आणि लाइट कर्टन दोन्ही बसतील. डाय बदलताना मेन स्विचला कुलूप, चावी सेटरच्या खिशात आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक.

पहिला महिना. वेल्डिंगच्या बोर्डावर आरसीसीबी नाही, ती बसवा आणि अर्थिंग मोजून घ्या. कॉम्प्रेसरची टाकी व चेनब्लॉक सक्षम व्यक्तीकडून तपासून सर्टिफिकेट घ्या. चेनब्लॉकची तपासणी दरवर्षी लागते. फायर एक्स्टिंग्विशर बारदानाच्या थप्पीमागून बाहेर काढा. प्रथमोपचार पेटीत सध्या फक्त बाम आणि जुनी पावती आहे, ती भरून घ्या.

दुसरा-तिसरा महिना : कागद. वीज वापरणाऱ्या युनिटमध्ये वीस कामगार झाले की कारखाना धरला जातो. तुमच्याकडे पटावर १७, ठेकेदाराचे ९. म्हणजे २६, ठेकेदाराचे वगळता येत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाने कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली आहे, म्हणून एजंटकडचा जुना फॉर्म भरू नका. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पोर्टलवर त्या दिवशी असेल तोच भरा. सोबत प्रत्येकाला नेमणूक पत्र द्या, तेही नव्या संहितेने सक्तीचं केलं आहे. ईएसआय दहा कामगारांपासून लागते, पीएफ विसापासून. ठेकेदाराचं चलन दर महिन्याला मागा. प्रदूषण मंडळाची संमती व अग्निशमन यंत्रणेचं ब प्रमाणपत्र (जानेवारी व जुलै) यांच्या तारखा ऑफिसच्या कॅलेंडरवर लिहा.

अपघात झालाच तर कामगाराला आधी ईएसआय रुग्णालयात न्या. तो ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर संचालनालयाला कळवणं बंधनकारक आहे. लपवून बाहेर टाके घालून आणलं, तर त्याला भरपाई मिळणं अवघड होतं आणि उद्या तुमच्यावर दुसरं कलम लागतं. मशीन तपासणी होईपर्यंत जशीच्या तशी ठेवा.

पुढची फेरी येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या शिफ्टला. सेटर आणि ठेकेदार दोघंही हजर असू द्या.