मुलाखतीतील स्वपरिचय

नमस्कार सर, नमस्कार मॅडम. मी स्वाती, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. महाबळेश्वरचा पाऊस आणि आमचा दुष्काळ, दोन्ही एकाच जिल्ह्यातले. वडील मेंढपाळ, आई शेतमजुरी करते. शाळा दहिवडीत झाली. २०२१ मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. ॲग्री पदवी घेतली. किल्ले चढायला आवडतात, जवळचा महिमानगड तर कितीदा झाला. शिवाय आमच्या विहिरीची पाणीपातळी दर आठवड्याला वहीत टिपते. याला छंद म्हणावं की सवय, ठाऊक नाही. लहानपणी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असायचे. टँकरचा प्रस्ताव तहसील कार्यालयातून पुढे जातो हे पुढे कळलं, आणि तहसीलदार व्हायचं तेव्हाच मनात आलं.