क्रिट-लेखनावर अभिप्राय: तांबट आळीतलं कारागीर केंद्र

सायली,

ओंकारच्या डिझाइनवरचं तुझं सहा पानी क्रिट मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याची शीट्स समोर पसरून, तुझं प्रत्येक वाक्य प्लॅन आणि सेक्शनवर ताडून बघितलं. खाली लिहिते आहे ते तुझ्या लिखाणाबद्दल आहे. ओंकारच्या डिझाइनचे मार्क वेगळे आहेत आणि त्यांचा इथे संबंध नाही.

सगळ्यात आधी तिसरं पान. ऑगस्टमधल्या एका दुपारी तू आळीत एका तांबटकाकांच्या उंबऱ्याशी तासभर बसलीस आणि जे पाहिलंस ते लिहिलंस: काका घंगाळाला मठार देताना दर आठ-दहा ठोक्यांनी भांडं दाराकडे वळवतात, मान कलती करून त्यावरून नजर फिरवतात आणि मग पुढचा ठोका कुठे मारायचा ते ठरवतात. पुढे तू लिहितेस, "त्यांना उजेड भरपूर नको आहे, एका बाजूने हवा आहे. वरून सारखा पडणारा उजेड ठोक्यांच्या खुणा पुसून टाकेल." आणि लगेच ओंकारच्या छतावरच्या मोठ्या काचेकडे बोट दाखवतेस. जुरीत आम्ही चौघांनी त्याच काचेचं कौतुक केलं होतं. तू लिहिलेलं वाचल्यावर माझं मत बदललं. क्रिट म्हणजे मला हेच अभिप्रेत आहे. माणूस कसं काम करतो ते डोळ्यांनी पाहायचं, आणि ते डिझाइनमधल्या एका ठरावीक रेषेपर्यंत नेऊन भिडवायचं. या एका परिच्छेदात जागा, वापरणारा आणि इमारत एकमेकांशी बोलतात. बाकी पाच पानांत त्या तिघांना तू वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आहेस, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

जागेबद्दलची दीड पानं बघ. "पुण्याचं हवामान आल्हाददायक असून पावसाळा मध्यम असतो" हे वाक्य कोथरूडच्या प्लॉटलाही चालेल आणि हडपसरच्याही. आपला प्लॉट नऊ मीटर रुंद, सत्तावीस मीटर खोल आहे. दोन्ही लांब बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या आहेत आणि फक्त उत्तरेला गल्ली आहे. मागच्या कोपऱ्यात पडक्या वाड्याची विहीर आहे. हे सगळं तू पहिल्या परिच्छेदात नोंदवलं आहेस, पण पुढे त्यातल्या कशाचाही उपयोग केलेला नाहीस. विहीर तर पहिल्या पानानंतर पुन्हा कुठे येतच नाही. ओंकारने ती स्लॅबखाली झाकून टाकली आहे, तेव्हा तुझ्याकडून निदान एक प्रश्न यायला हवा होता.

"उत्तरेचा दर्शनी भाग असल्याने सावलीची गरज नाही" हे तू त्याच्या बाजूने लिहिलं आहेस. पुण्यात हे वर्षभर खरं नसतं. आपण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या महिन्यांत सूर्य उगवतो आणि मावळतोही बराच उत्तरेकडे सरकून. आपली गल्ली पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे मेमधल्या संध्याकाळी ऊन गल्लीच्या तोंडातून तिरकं आत शिरणार आणि तू जिथे बसली होतीस त्याच ओट्यावर येणार. तू पावसाळ्यातला मऊ, ढगाळ उजेड पाहिलास. काकांना "उन्हाळ्यात इथे बसता का?" एवढं विचारलं असतंस, तर तुझ्या सुंदर निरीक्षणाला ऋतू मिळाला असता. तेव्हा राहून गेलं, पण आता जाऊन विचार. काका बोलके आहेत हे तुझ्याच लिखाणातून दिसतं.

चौकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे तू शब्दाला भुललीस. ओंकारने प्लॅनवर "चौक" लिहिलं आणि तू लगेच "वाडा संस्कृतीचं आधुनिक रूप" असं लिहून मोकळी झालीस. त्याचा सेक्शन काढून बघ. चौक साडेतीन मीटर बाय साडेतीन मीटर आहे आणि भोवतीची इमारत बारा मीटर उंच. डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी पुण्यात सूर्य साधारण अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे साडेतीन मीटर रुंदीतून ऊन जेमतेम चार मीटर खाली उतरेल. मार्चच्या विषुवदिनी साडेएकाहत्तर अंश, तेव्हा साधारण साडेदहा मीटर. तळाच्या फरशीवर तेव्हाही ऊन पडत नाही. याला चौक म्हणायचं की हवेचा बोगदा, हे ठरवणं हेच तुझं काम होतं. पट्टी घेऊन दोन रेषा मारल्या असत्या तरी पुरलं असतं.

वापरणाऱ्यांचा भाग तुझा सर्वांत सकस आहे. मार्कही तिथेच सर्वाधिक आहेत. तरी दोन जागी हातातोंडाशी आलेला मुद्दा निसटला. काकांच्या घरातल्या मावशी मागच्या मोरीपाशी चिंचेने भांडी उजळत होत्या, हे तू लिहिलंस. मग ओंकारच्या प्लॅनमध्ये ती मोरी कुठे आहे? तळमजल्यावर विक्रीचं दालन, त्याला लागून स्वागतकक्ष, आणि पाण्याची जागा एकच: अभ्यागतांचं स्वच्छतागृह. मावशींच्या कामाला त्याच्या प्लॅनमध्ये एक चौरस फूटही जागा नाही. तुझ्या तक्त्यात "कारागीर, प्रशिक्षणार्थी, पर्यटक" असे तीन रकाने आहेत. चौथा रकाना तू स्वतः पाहून आलीस आणि भरला मात्र नाहीस.

दुसरी गोष्ट कार्यशाळेची. ती पहिल्या मजल्यावर आहे आणि तू तिला "लवचिक, मोकळं दालन" म्हटलं आहेस. तांबं ठोकत गेलं की कडक होतं. ते पुन्हा मऊ करायला भट्टीत लाल करावं लागतं, मग विझवावं लागतं, आणि एका भांड्यासाठी हे अनेकदा करावं लागतं. म्हणजे भट्टी, पाणी आणि ऐरण हाताच्या अंतरावर हवीत. कल्हईच्या वेळी नवसागराचा पांढरा धूर उठतो, तो कुठून बाहेर जाणार? आणि स्लॅबवर दिवसभर पडणारे ठोके खालच्या विक्री-दालनात आणि दोन्ही बाजूंच्या चिकटून असलेल्या घरांत कसे पोचतील? आळीत शिरताच आधी कानावर येतो तो आवाज. तुझ्या सहा पानांत तो एकदा आला आहे, "लयबद्ध" या विशेषणासह. शेजारी झोपलेल्या तान्ह्या बाळाला आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीला तो कसा ऐकू येतो, हेही लिहायला हवं होतं.

पर्यटकांवरचं अर्धं पान मी खोडायला सुचवेन. सप्टेंबर 2024 मध्ये कसबा पेठ मेट्रो स्थानक सुरू झालं हे बरोबर आहे, पण तेवढ्यावरून माणसं या गल्लीत वळतील असं म्हणता येत नाही. त्याऐवजी तांब्याचा पत्रा गल्लीत कसा येतो, टेम्पो कुठवर येतो, पुढे हातगाडी लागते का, हे चार ओळींत सांगितलंस तर ओंकारच्या दीड मीटरच्या प्रवेशद्वाराबद्दल काही ठोस बोलता येईल.

आता आधीची उदाहरणं. तू तीन घेतलीस: दिल्लीतलं चार्ल्स कोरिया यांचं हस्तकला संग्रहालय, दिल्ली हाट आणि आपला विश्रामबाग वाडा. तिन्ही चांगली आहेत आणि फोटोही नीट निवडले आहेत. पण प्रत्येकाखाली तू फक्त साम्य लिहिलं आहेस. संग्रहालयात कारागीर येतो, कला दाखवतो आणि परत जातो. तिथला अंगणा-अंगणातून जाणारा रस्ता बघणाऱ्यासाठी आखलेला आहे. दिल्ली हाटमधले गाळे कारागिरांना थोड्या दिवसांसाठी आळीपाळीने मिळतात. आपल्या आळीतला माणूस मात्र वर्षभर तिथेच राहतो, तिथेच काम करतो, आणि काम चालू असताना कुणी सतत बघत राहावं असं त्याला वाटतंच असं नाही. विश्रामबाग तर दुसऱ्या बाजीरावाचा राजवाडा. त्याच्या एकाहून अधिक प्रशस्त चौकांशी साडेतीन मीटरच्या चौकाची तुलना करताना मापं शेजारी-शेजारी मांडायला हवी होती. उदाहरणातून काय घ्यायचं नाही आणि का नाही, हे लिहिलं की मगच घेतलेल्या गोष्टीला वजन येतं. संग्रहालयातून ओंकारला एक गोष्ट खरंच घेता आली असती: येणाऱ्याला कामाच्या जागेच्या कडेकडेने, मधे न घुसता पुढे नेणारी वाट. तू ते चित्र छापलंस, पण त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीस.

आणि सर्वांत जवळचं उदाहरण तुझ्या "परिसर" या मथळ्याखाली पडून राहिलं आहे. तळाला काम, वर बिऱ्हाड, मागे मोरी, पुढे ओटा, असं तांबटकाकांचं घरच तू स्केच केलं आहेस. ते केस स्टडी म्हणून वापर. त्याच्या दाराची उंची, ओट्याची रुंदी, ऐरणीपासून दारापर्यंतचं अंतर मोज. बाजूचा उजेड किती अंतरापर्यंत कामाला येतो, हे ते अंतरच सांगेल. मग ओंकारच्या नऊ मीटर रुंद दालनाबद्दलचं तुझं म्हणणं कुणाला खोडता येणार नाही.

भाषेबद्दल थोडंच. "अवकाशीय अनुभूती", "संवेदनशील हस्तक्षेप" हे शब्द तू वाचून उचलले आहेस, आणि ते आले की तुझं वाक्य फिकं पडतं. तिसऱ्या पानावर असा एकही शब्द नाही.

गुण: जागा 20 पैकी 10, वापरणारे 20 पैकी 16, आधीची उदाहरणं 20 पैकी 9, मांडणी आणि रेखाटनं 10 पैकी 7. एकूण 70 पैकी 42. उदाहरणांना 9 दिले ते निवड चुकली म्हणून नव्हे, तुलना झाली नाही म्हणून.

सुधारित प्रत पुढच्या बुधवारी स्टुडिओच्या वेळेआधी दे. सहाऐवजी चार पानं पुरेत. तिसऱ्या पानाने सुरुवात कर आणि हवामानाचा परिच्छेद काढून टाक. चौकाचा सेक्शन 1:50 ला, डिसेंबर आणि मार्चच्या सूर्यकिरणांसह जोड. काकांच्या घराचा मोजलेला प्लॅन हाताने काढलेला चालेल. मोजायला जाताना ओंकारलाही बरोबर ने, आणि भट्टी पेटलेली असेल अशा वेळी जा.

तुझ्या स्टुडिओच्या मॅडम