ऋणनिर्देश आणि डेटा उपलब्धता निवेदन

ऋणनिर्देश

रत्नागिरीच्या भाट्ये आणि काळबादेवी या दोन खाड्यांमधल्या खाद्य शिंपल्यांवरच्या या प्रबंधाचा मुख्य मजकूर इंग्रजीत आहे. ही पानं मी मुद्दाम मराठीत लिहिली आहेत. ज्यांच्या जिवावर हे काम झालं, त्यांतल्या बहुतेकांच्या हातात प्रबंध पडेल तेव्हा त्यांना स्वतःबद्दल काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये. सगळ्यांची पूर्ण नावं, ज्याने त्याने जशी लिहायला सांगितली तशी, परिशिष्ट ३ मध्ये आहेत. ज्यांनी नाव नको म्हटलं, त्यांचं घातलेलं नाही. इथे मी त्यांना ज्या नावाने हाक मारते, त्याच नावाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी खाडीत शिंपल्या काढणाऱ्या बायका. भाट्ये खाडीवरच्या थोरली मावशी, धाकटी मावशी आणि खाला, काळबादेवीच्या दोघी वहिनी आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या लेकीसुना. विद्यापीठाच्या कागदांवर त्यांची नोंद ‘क्षेत्रसहाय्यक’ अशी आहे. त्यांनी केलेल्या कामाला हा शब्द पुरत नाही. नमुने घ्यायच्या जागा नकाशावर मी आखल्या, पण त्यातल्या कुठल्या जागी पाय ठेवता येईल, कुठल्या जागी पावसाळ्यानंतर शिंपली परत येते आणि कुठली जागा रेतीउपशानंतर मेली, हे त्यांनी सांगितलं. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातला गृहीतक क्रमांक दोन, म्हणजे पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागातली शिंपली मुख्यतः पाणी गोडं झाल्याने मरते आणि मुखाजवळची मुख्यतः वाळू सरकल्याने, हा मुळात थोरल्या मावशीचा आहे. मी तो खारटपणाच्या आणि गाळाच्या मोजमापांनी तपासला. प्रकरणात तसं नमूद केलं आहे आणि त्यावर आधारलेल्या शोधनिबंधात त्या सहलेखिका आहेत.

पुनवेला आणि अवसेला आपल्या किनाऱ्यावर मोठी सुकती पहाटे आणि संध्याकाळी येते. तेवढ्यातच खालचे पट्टे उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत ते पाण्याखालीच राहतात. तेव्हा कामाचे दिवस पंचांगाने ठरायचे आणि पहाटेच्या काळोखात सुरू व्हायचे. पाइपची अर्ध्या मीटरची चौकोनी चौकट चिखलावर ठेवायची, आतला सगळा गाळ पाट्यांत भरायचा, चाळायचा, निघालेली प्रत्येक शिंपली व्हर्निअरने मोजायची आणि बारीक असेल तर होती तिथे परत पुरायची. धाकटी मावशी चौकट टाकायच्या आधी टाचेने चिखल दाबून बघायची. ‘हिकडं रेव हाय, हिकडं ये. तिकडं गाळ, कमरेपर्यंत जाशील गो.’ मग खाली वाकून सुईने टोचल्यासारखी जोडीने असलेली दोन बारीक भोकं दाखवायची, जिथून शिंपली पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते. ती भोकं बघून आत कुठली जात आहे हे ती उकरण्याआधी सांगायची. पुढे ही ओळख आम्ही रीतसर तपासली. ती तुलना परिशिष्ट ५ मध्ये आहे.

मोठ्या सुकतीचा दिवस म्हणजे त्यांच्या कमाईचा दिवस. त्या दिवशी माझ्याबरोबर थांबायचं तर पाटी रिकामी राहते. म्हणून मोबदला रोजंदारीच्या ठरीव दराने न देता, त्या दिवशी बाजारात शिंपल्यांना जो भाव होता त्यावर, नेहमीच्या पाटीएवढा, आणि वर कामाची मजुरी असा दिला. हा हिशेब काळबादेवीच्या मोठ्या वहिनींनी मांडला आणि तो योग्य होता. खाडीत काम करणाऱ्या पुढच्या संशोधकांनी याच पायावर अर्थसंकल्प बांधावा असं मला मनापासून वाटतं. सुकतीला माणूस बोलावणं म्हणजे त्याची त्या पंधरवड्याची मोठी कमाई मागणं असतं.

होडीवाल्या काकांनी भर पावसाळ्यात, खाडीला लोंढा असताना, खारटपणाची मोजणी चालू ठेवली. मी दोनदा विचारलं तेव्हा ‘आज नाय’ म्हणून त्यांनी होडी सोडली नाही, आणि तो नकारही मी इथे आभारांतच धरते. त्यांच्या मुलाने रिफ्रॅक्टोमीटर वाचायला शिकून माझ्या गैरहजेरीत वही भरली. डेटामध्ये `observer` या रकान्यात त्याच्या नोंदी वेगळ्या ओळखू येतात.

माझ्या मार्गदर्शिकांनी मला चिखलात उतरू दिलं आणि लिहिताना चिखलातून बाहेर काढलं. प्रत्येक आलेखाखाली ‘हे कोणाला उपयोगी?’ असं पेन्सिलीने लिहिणाऱ्या बाईंचं ऋण फिटणारं नाही. संख्याशास्त्राच्या सरांनी मिश्र प्रारूपं शिकवली. प्रयोगशाळेतल्या मामांनी गाळाचे नमुने वाळवून, चाळून, वजन करून दिले. रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात १९७० च्या दशकात याच खाड्यांतल्या शिंपल्यांवर झालेलं काम बसून वाचता आलं. त्या जुन्या मोजमापांशिवाय चौथ्या प्रकरणातली तुलना शक्यच नव्हती.

परवानग्यांबद्दल. नमुन्याच्या काही जागा कांदळवनाच्या कडेला, भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली राखीव वन असलेल्या क्षेत्रात येतात. तिथे जाण्याची आणि गाळाचे नमुने घेण्याची परवानगी महाराष्ट्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाने दिली. अभ्यासलेल्या तिन्ही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत नाहीत. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला कामाची लेखी माहिती दिली होती. मुलाखतींना विद्यापीठाच्या मानवी संशोधन नीतिमत्ता समितीची मान्यता होती. पत्रांच्या प्रती परिशिष्ट २ मध्ये आहेत. यांपलीकडची एक परवानगी कागदावर नाही, पण माझ्या लेखी तिचं वजन सगळ्यात जास्त आहे. दोन्ही ठिकाणी ग्रामसभेत आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत विषय मांडला, बायकांनी आपसांत बसून होकार दिला, आणि त्या होकाराला अटी घातल्या. त्या अटी खालच्या निवेदनात जशाच्या तशा आल्या आहेत.

निधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ, व नंतर वरिष्ठ, संशोधन शिष्यवृत्तीतून मिळाला. खारटपणा आणि तापमान नोंदवणारी उपकरणं, होडीचं भाडं आणि खाडीवरच्या सगळ्यांचा मोबदला रफर्ड फाउंडेशनच्या लहान अनुदानातून झाला. अभ्यासाची आखणी, विश्लेषण आणि निष्कर्ष यांत निधी देणाऱ्यांचा सहभाग नव्हता.

आई-बाबांनी पहाटे तीनला फोन करून उठवलं. दादाने गाडी दिली आणि तिच्या चिखलाबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

डेटा उपलब्धता निवेदन

या प्रबंधातले आलेख आणि तक्ते ज्या मोजमापांवर उभे आहेत, ती सगळी, खाली सांगितलेले अपवाद सोडून, झेनोडो या खुल्या भांडारात प्रबंधाच्या शीर्षकाखाली ठेवली आहेत. परवाना `CC-BY-4.0` आहे, म्हणजे श्रेय देऊन कोणीही, व्यावसायिक कामासाठीसुद्धा, वापरू शकतो. फायली अशा:

```
README_mr.md      README_en.md
quadrats.csv      clam_lengths.csv
salinity_temp.csv sediment.csv
analysis.R
```

`quadrats.csv` मध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक चौकट. `scientificName` रकान्यातली नावं जागतिक सागरी प्रजाती नोंदवहीशी, म्हणजे वर्म्सशी, जुळवली आहेत. जुन्या साहित्यात काटेलिसिया ओपिमा म्हणून येणारी जात इथे मार्सिया ओपिमा आहे. `local_name` मध्ये ज्या गावात नमुना घेतला तिथलं नाव आहे. मोजणी झाली नाही तिथे `NA`, आणि मोजून शिंपली मिळाली नाही तिथे `0`. हा फरक कृपया पुसू नये. लोंढ्यामुळे रिकामे राहिलेले पावसाळ्यातले आठवडे शून्य धरले, तर मरतुकीचा आकडा फुगतो.

जातींच्या आढळाच्या नोंदी जीबिफ या जगभरच्या जीवजातींच्या नोंदींच्या खुल्या भांडारातही दिल्या आहेत. ओळख पटवण्यासाठी जतन केलेले कवचांचे नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात जमा केले आहेत.

शिंपल्यांच्या पट्ट्यांची नेमकी ठिकाणं कुठेही प्रकाशित केलेली नाहीत. चौकटींचे जीपीएस बिंदू डेटामधून काढले आहेत. त्यांच्या जागी `zone` रकान्यात `mouth`, `middle`, `upper` एवढंच आहे, आणि जीबिफवर दोन्ही खाड्यांसाठी मिळून ०.१ अंशापर्यंत, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरपर्यंत ढोबळ केलेला एकच बिंदू आहे. तसं केल्याचं `dataGeneralizations` मध्ये लिहिलं आहे. या जाती दुर्मिळ नाहीत. पण हे पट्टे कोणाच्या सातबाऱ्यावर नाहीत, ते त्या बायकांच्या रोजच्या जाण्या-येण्याने आणि आठवणीने त्यांचे आहेत. नकाशा एकदा बाहेर पडला की बोट आणि माणसं घेऊन येणाऱ्याला ठिकाण शोधायचेही कष्ट उरत नाहीत. बायकांची पहिली अट हीच होती, आणि मला ती शास्त्राच्या आड येणारी वाटत नाही. प्रबंधातला प्रत्येक निष्कर्ष ढोबळ केलेल्या डेटावरूनही पडताळता येतो. `analysis.R` याच सार्वजनिक फायलींवर चालतो. अपवाद फक्त आकृती ४.३ चा, कारण ती चौकटींमधल्या अंतरावर आधारलेली आहे. तिच्यासाठी बिंदूंऐवजी चौकटींमधल्या अंतरांचा तक्ता `README_en.md` सोबत जोडला आहे.

मूळ बिंदू विभागात कुलूपबंद आहेत. संवर्धनाच्या किंवा संशोधनाच्या कामासाठी ते हवे असतील तर अर्ज विभागाच्या कार्यालयात करावा. त्यात नकाशाचा उपयोग काय आणि तो आणखी कोणाच्या हाती जाईल हे मराठीत, एका पानात लिहावं. अर्ज दोन्ही गावांतल्या बायकांच्या बैठकीत वाचला जातो आणि त्यांचा निर्णय अखेरचा असतो. बैठक सुकतीच्या दिवसांत होत नाही, तेव्हा उत्तराला पंधरवडा ते महिना लागेल.

मुलाखतींचं ध्वनिमुद्रण दिलं जाणार नाही. संमती फक्त विश्लेषणापुरती घेतली होती. उत्तरांचा सारांश, ओळख पटणार नाही असा, परिशिष्ट ४ मध्ये आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पर्जन्यमानाचा डेटा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आमची नाहीत, म्हणून पुन्हा प्रकाशित केलेली नाहीत. ती त्या त्या विभागाकडूनच मिळवावीत. कुठल्या केंद्राची आणि कुठल्या काळाची वापरली ते `README_en.md` मध्ये आहे.

दुसरी अट होती की जे मोजलं ते आधी गावात यावं. महिनावार आकार आणि घनतेचे तक्ते मराठीत मोठ्या अक्षरांत छापून दोन्ही ग्रामपंचायतींत लावले आहेत. कुठल्या महिन्यात बारीक शिंपली जास्त आहे हे त्यावरून कळतं, आणि काळबादेवीच्या बायकांनी त्या महिन्यांत मोठ्या भोकांची चाळण वापरायचं आपणहून ठरवलं आहे. तिसरी अट, या डेटावर नवं काही लिहिलं गेलं तर त्याचा मराठी सारांश गावाला पाठवावा. परवाना याची सक्ती करत नाही. डेटा वापरणाऱ्यांना ही विनंती आहे, आणि `README_mr.md` च्या पहिल्याच ओळीत ती लिहिली आहे.

डेटामध्ये काही खटकलं तर विभागाकडे कळवावं. दुरुस्ती नव्या आवृत्तीत होईल. जुनी आवृत्तीही झेनोडोवर राहते, तेव्हा वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक संदर्भात द्यावा.