एप्रिल–जून तिमाहीची तूट आणि सुधारित आराखडा

प्रति : सर्व भागीदार
प्रेषक : व्यवस्थापकीय भागीदार, आइस्क्रीम कारखाना, कुपवाड एमआयडीसी
दिनांक : 8 जुलै 2025

स. न. वि. वि.

तिमाहीचा हिशोब काल पूर्ण झाला. विक्रीचे उद्दिष्ट 4 कोटी 20 लाखांचे होते, विक्री झाली 3 कोटी 18 लाखांची. म्हणजे तूट 1 कोटी 2 लाख, जवळपास 24 टक्के. आपल्या धंद्यात वर्षाची कमाई याच तीन महिन्यांत होते, त्यामुळे हा आकडा गंभीर आहे.

एप्रिल चांगला गेला. 1 कोटी 35 लाख धरले होते, 1 कोटी 41 लाख झाले. घसरण मेमध्ये झाली : 1 कोटी 75 लाखांच्या जागी 1 कोटी 12 लाख. जूनमध्ये 1 कोटी 10 लाखांच्या जागी 65 लाख.

पहिले कारण पाऊस. मेमध्ये वळीव थांबलाच नाही, आणि 24 तारखेला केरळात आलेला मान्सून 26 तारखेला मुंबईत पोहोचला. एरवी तो मुंबईत 11 जूनच्या सुमारास येतो. मेचा शेवटचा आठवडा आणि जूनची सुरुवात हे आपले हक्काचे दिवस, तेच पावसात गेले. लग्नाच्या मांडवांच्या ऑर्डरी काही रद्द झाल्या, काही निम्म्यावर आल्या. त्यात साधारण 15 लाख गेले.

पण सगळे पावसावर ढकलणे मला पटत नाही. पाऊस सगळीकडे सारखा पडला, तरी मिरज आणि विटा लाइनपेक्षा जत–आटपाडी लाइन कितीतरी जास्त पडली. तिथल्या दुकानांसाठी मागवलेले 40 डीप फ्रीझर मार्चऐवजी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आले. बसवून होईपर्यंत 17च लागले, बाकीचे अजून गोदामात आहेत. जे लागले तिथे वादळात वीज गेली. जतहून परत आलेला माल मी स्वतः उघडून पाहिला. कपाची झाकणे वर आलेली, पृष्ठभागावर बर्फाचे खडे, आणि माल बाजूने सुटून आक्रसलेला. एकदा वितळून पुन्हा गोठलेला माल चवीला लगेच कळतो. 9 लाखांचा असा माल परत घेतला आणि नष्ट केला. दुकानदारांना पूर्ण क्रेडिट नोट दिली, कारण तो माल गिऱ्हाइकाच्या हातात गेला असता तर पुढचा उन्हाळाही गेला असता.

याचा ताण खेळत्या भांडवलावर आला आहे. मेसाठी बनवलेला 18 हजार लिटर माल कोल्ड रूममध्ये पडून आहे आणि त्याचे वीजबिल चालू आहे. वितरकांकडे 61 लाख येणे आहे. बँकेची सीसी मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली गेली आहे.

गेलेला मे परत येत नाही, म्हणून वर्षाचे उद्दिष्ट 10 कोटी 50 लाखांवरून 9 कोटी 90 लाखांवर आणावे असा माझा प्रस्ताव आहे. तुटीपैकी 42 लाख भरून काढता येतील : जुलै–सप्टेंबरमध्ये 25 आणि ऑक्टोबर–डिसेंबरमध्ये 17.

यातला मोठा भाग दुधाच्या पदार्थांतून येईल. श्रावण 25 जुलैला सुरू होतो, राखी पौर्णिमा 9 ऑगस्टला, गणपती 27 ऑगस्टला, दसरा 2 ऑक्टोबरला. श्रीखंड, आम्रखंड आणि बासुंदी आपल्या एफएसएसएआय परवान्यात आधीपासून आहेत, चक्क्याची यंत्रणाही आहे. दूध संकलन एक दिवसही बंद करायचे नाही. वर्षानुवर्षे दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला पावसाळ्यात परत पाठवले, तर फेब्रुवारीत कोणत्या तोंडाने मागणार? आइस्क्रीमचे उत्पादन एका पाळीवर आणले आहे. कायम कामगार चक्का आणि पॅकिंगवर घेतले आहेत, कोणालाही कमी केलेले नाही.

पडून असलेला माल चार लिटरच्या टबमधून हॉटेल आणि केटरर्सना 8 टक्के सवलतीत ऑगस्टअखेर काढायचा. फॅमिली पॅकवर मात्र सवलत नको. दुकानातला भाव एकदा उतरला की चढवता येत नाही. उरलेले 23 फ्रीझर मिरजेतील दवाखान्यांच्या परिसरात आणि एसटी स्टँडजवळ लावू. जत–आटपाडीसाठी पुढच्या हंगामाआधी युटेक्टिक प्लेटचे फ्रीझर घेऊ. वीज गेली तरी ते काही तास थंडावा धरतात. खरेदीचा करार नोव्हेंबरमध्येच करायचा आणि उशिराचा दंड त्यात लिहून घ्यायचा.

वसुलीसाठी 45 दिवसांवरच्या येण्यावर नवा माल रोखीनेच द्यायचा. जतच्या ज्या वितरकांचे नुकसान झाले आहे त्यांना तीन हप्ते द्यावेत.

एक विनंती. जुलै ते सप्टेंबर सर्व भागीदारांनी उचल निम्मी घ्यावी. माझी मी या महिन्यापासून निम्मी केली आहे. नवे भांडवल मागत नाही.

शनिवार, 19 जुलैला सकाळी 11 वाजता कारखान्यावर बैठक आहे. लाइननिहाय विक्री, येण्याची यादी आणि बँकेचा उतारा 15 तारखेपर्यंत सर्वांना पोहोचेल. सुधारित उद्दिष्ट आणि उचल या दोन विषयांवर सर्वांच्या सह्या लागतील. कोणाला येणे शक्य नसेल, तर लेखी संमती किंवा हरकत 18 तारखेपर्यंत पाठवावी.

आपला,
व्यवस्थापकीय भागीदार