मंगळवारच्या अपॉइंटमेंटबद्दल माफी आणि तुमच्यासाठी राखून ठेवलेली नवी वेळ

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी सकाळी ११ वाजता तुमच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठरली होती आणि ती झाली नाही. तुम्ही वेळेआधी आलात, डोळ्यांत थेंब घालून घेतले, दुपारपर्यंत बसून राहिलात आणि तपासणी न होताच घरी परतलात. या सगळ्याची जबाबदारी आमच्या क्लिनिकची आहे. त्याबद्दल मी क्लिनिकच्या आणि डॉक्टरांच्या वतीने तुमची मनापासून माफी मागते.

सर्वांत आधी एक गोष्ट लेखी द्यायची आहे. तुमची अपॉइंटमेंट होती. तुम्ही वेळ चुकला नव्हतात, दिवस चुकला नव्हतात आणि नाव न नोंदवता आला नव्हतात. समोरच्या काउंटरवर तुम्हाला "तुमचं नाव इथे दिसत नाहीये, तुम्ही नक्की आजचीच वेळ घेतली होती ना?" असं विचारलं गेलं. तेही बाकीच्या पेशंटसमोर. संध्याकाळी तुमच्या मुलीचा फोन आल्यावर मी स्वतः फोनच्या नोंदींची वही उघडून पाहिली. त्यात तुमचं नाव, मंगळवार, ११ वाजता आणि समोर 'पडदा तपासणी' असं आमच्याच कर्मचाऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे. वही काउंटरपासून हाताच्या अंतरावर होती. ती उघडायच्या आधी तुमच्या सांगण्यावर शंका घेतली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. वेळेचा घोळ आम्ही निस्तरू शकतो, पण खरं बोलणाऱ्या माणसाला चारचौघांत खुलासा करत उभं राहावं लागलं, हे व्हायलाच नको होतं.

झालं कसं, तेही तुम्हाला कळायला हवं. तुम्ही फोन करून वेळ घेतलीत. ती वहीत लिहिली गेली. वहीतल्या नोंदी संगणकावर चढवायचं काम आमच्याकडे संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर होत असे. तोपर्यंत ऑनलाइन बुकिंगमध्ये ती ११ ची वेळ मोकळीच दिसत राहिली आणि दुसऱ्या एका पेशंटने ती घेतली. त्यांना तसा मेसेजही गेला. संध्याकाळी तुमचं नाव चढवायला घेतलं तेव्हा संगणकाने ती जागा भरलेली दाखवली. त्याच क्षणी तुम्हाला फोन जायला हवा होता. तो गेला नाही. 'उद्या बघू' म्हणून नोंद तशीच राहिली आणि नंतर कोणी पाहिलीच नाही. त्या दुसऱ्या पेशंटबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही, पण त्यांच्याकडून काही चूक झाली नव्हती, तशी तुमच्याकडूनही नाही.

वेळ दोघांना दिली गेली, इथवर एक चूक. त्यानंतर जे घडलं ते मला जास्त गंभीर वाटतं. काउंटरवर तुमच्या वेळेचा निर्णय झालेला नसतानाच आतल्या खोलीत तुमची फाइल पोहोचली आणि १०:४० ला तुमच्या दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले गेले. त्या थेंबांनी जवळचं दिसेनासं होतं, उजेड सहन होत नाही आणि हा त्रास काही तास टिकतो. तपासणी होणार असेल तरच तो सोसण्यात अर्थ आहे. ११ वाजता दुसऱ्या पेशंटना आत घेतलं गेलं, साडेअकराची वेळ आधीच भरलेली होती आणि १२ वाजता डॉक्टर ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी गेले. पुढे जागा नाही, हे काउंटरवर ११ वाजताच कळण्यासारखं होतं. तुम्हाला मात्र "पाच मिनिटं बसा" असंच सांगितलं जात राहिलं आणि खरं काय ते साडेबाराला कळलं. वेळेवर सांगितलं असतं, तर निदान तुमची दुपार तरी वाचली असती.

तुम्ही सकाळी इन्सुलिन घेऊन आला होतात. जेवणाची वेळ टळत होती आणि तुमच्या मुलीने हे दोनदा आत येऊन सांगितलं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची जेवणाची वेळ पुढे गेली की शुगर एकदम खाली येण्याचा धोका असतो. हे आमच्यासारख्या ठिकाणी वेगळं समजावून सांगावं लागू नये. तरीही तुमची शुगर तपासावी किंवा किमान "काही खाऊन घ्या" म्हणावं, हे कोणालाच सुचलं नाही. तुम्हाला तशी काही तकलीफ झाली नाही, असं ताईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा जीवात जीव आला. पण त्यात आमची काळजी कुठेच नव्हती. ताईंनी त्या दिवसासाठी रजा टाकली होती, कारण थेंब घातल्यावर तुम्हाला एकट्याला परत जाता येत नाही, म्हणून आम्हीच सोबत कोणाला तरी आणायला सांगितलं होतं. त्यांचीही माफी मागते. त्या रागावून बोलल्या ते योग्यच होतं.

आता नव्या वेळेबद्दल. येत्या गुरुवारी आणि शनिवारी, दोन्ही दिवशी सकाळी ९ ची पहिली वेळ तुमच्या नावाने राखून ठेवली आहे. पहिलीच वेळ निवडली, कारण आधीच्या कोणाची तपासणी लांबली म्हणून तुम्हाला थांबावं लागू नये. ही वेळ संगणकावर आणि डॉक्टरांच्या यादीत, दोन्हीकडे मी स्वतः नोंदवली आहे आणि ऑनलाइन बुकिंगमधून काढून टाकली आहे. या दोनांपैकी तुम्हाला जी सोयीची असेल ती ठेवू. बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत सांगितलंत तर बरं, म्हणजे दुसरी वेळ वाट पाहणाऱ्या कोणाला देता येईल. ताईंना पुन्हा रजा घेणं अवघड असेल आणि दोन्ही दिवस जमत नसतील, तर संध्याकाळची वेळ सांगा. डॉक्टरांनी तुमच्यासाठी नेहमीच्या वेळेनंतर, संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबायची तयारी दाखवली आहे. तुमची सोय आधी, मग आमचं वेळापत्रक.

सकाळची वेळ घेतलीत तर साडेआठपर्यंत या. थेंबांचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. डॉक्टर क्लिनिकमध्ये आल्याशिवाय थेंब घालायचे नाहीत, असं मी आत सांगून ठेवलं आहे. मंगळवारी काढलेला पडद्याचा स्कॅन चांगला आला आहे, तो पुन्हा काढावा लागणार नाही. डॉक्टर तोच पाहतील. सगळं मिळून पावणेदहापर्यंत तुम्ही मोकळे व्हाल. या तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नाही. नाश्ता, गोळ्या आणि इन्सुलिन नेहमीच्या वेळी, नेहमीसारखंच घ्या. येताना चष्मा, जुनी फाइल, शुगरचा अलीकडचा रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी आणा. परतताना उन्हाचा त्रास होईल, म्हणून काळा चष्मा असेल तर तोही बरोबर ठेवा. सोबत कोणीतरी लागेलच आणि त्या दिवशी गाडी मात्र तुम्ही चालवू नका.

या तपासणीचं शुल्क घेतलं जाणार नाही. मंगळवारी तुम्ही भरलेले पैसे परत केले जातील. ते कसे हवेत, रोख की बँक खात्यात, एवढं सांगा. त्या दिवशीचा आणि या वेळचा तुम्हा दोघांच्या येण्याजाण्याचा खर्चही क्लिनिक देईल. पैशांनी गेलेला दिवस भरून येत नाही, हे मला कळतं. पण आमच्या चुकीचा खर्च तुमच्या खिशातून जाऊ नये.

डॉक्टरांनी मंगळवारी रात्री तुमची फाइल आणि नवा स्कॅन पाहिला. त्यांचा निरोप असा आहे: ही ठरल्याप्रमाणे व्हायची नियमित तपासणी आहे. स्कॅनमध्ये मागच्या वेळेपेक्षा वेगळं, तातडीचं असं काही दिसत नाही आणि चार-आठ दिवसांच्या उशिराने काळजीचं कारण नाही. मात्र पूर्ण पडदा थेंब घालून प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तपासणी झाली असं ते म्हणणार नाहीत, कारण मधुमेहात पडद्यावर होणारे बदल सुरुवातीला दुखत नाहीत आणि नजरेतही जाणवत नाहीत. म्हणून, आमच्यावर राग असला तरी ही तपासणी टाळू नका, अशी त्यांची कळकळीची विनंती आहे. इथे यायची इच्छा नसेल तर तेही आम्ही समजू शकतो. तुम्ही सांगाल त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सगळे रिपोर्ट आणि स्कॅन विनाशुल्क पाठवू.

मंगळवारपासून आम्ही काय बदललं, तेही सांगते. फोनवर दिलेली वेळ आता फोन चालू असतानाच संगणकावर चढते आणि पेशंटला मेसेज पोहोचल्याची खात्री करूनच फोन ठेवला जातो. नोंदींची वही बंद केली आहे. एकाच वेळेला दोन जण आले, तर निर्णय काउंटरवर होणार नाही. दहा मिनिटांच्या आत मला किंवा डॉक्टरांना कळवायचं आणि दोघांनाही खरी परिस्थिती सांगायची. नाव सापडलं नाही तर आधी आमच्याकडच्या नोंदी तपासायच्या, पेशंटला प्रश्न नंतर. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला, थांबावं लागणार असेल तर, जेवणाची वेळ विचारली जाईल. ज्यांनी तुमच्याशी काउंटरवर बोलणं केलं, त्यांना तुमची प्रत्यक्ष माफी मागायची आहे. तुमची हरकत नसेल तरच त्या तुम्हाला भेटतील.

नवी वेळ कळवण्यासाठी क्लिनिकच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा आणि व्यवस्थापकांशी बोलायचं आहे एवढंच सांगा. पुन्हा सगळी हकीकत सांगत बसावी लागणार नाही, काउंटरवर सर्वांना कल्पना दिली आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत तुमचा फोन आला नाही तर मीच एकदा फोन करेन. फोन नको असेल तर ताईंनी मेसेज केला तरी चालेल.

त्याआधी मात्र एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळी दिसू लागली, प्रकाशाच्या रेघा चमकल्या, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं किंवा एका डोळ्याची नजर एकाएकी कमी झाली, तर गुरुवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी, अपॉइंटमेंट न घेता, थेट या. तुम्हाला लगेच आत घ्यायचं, असं काउंटरवर लिहून ठेवलं आहे. क्लिनिक बंद असेल तर जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा आणि मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, हे तिथे पहिल्यांदा सांगा.

आपली नम्र,
व्यवस्थापक
(क्लिनिक आणि डॉक्टरांच्या वतीने)